गॅस गळतोय, संबंधित कुठे आहेत?

मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो. सबंध वाक्य माणसाला हवं ते करू देत जातं आणि शेवटच्या दोन अक्षरांत परवानगी काढून घेतं. गप्पांत हे चालतं, पत्रातही चालतं. पण लासलगावच्या रस्त्यावर नानांचा पेट्रोल पंप आहे, तिथल्या सूचनाफलकाचा उजवा काठ एका भाऊसाहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकला होता आणि उरलेली सूचना अशी वाचता येत होती : ‘गॅस गळती शोधण्यासाठी पेटती काडी वापरू’. खालची ओळ, ‘भरलेले सिलेंडर गटाराजवळ ठेवू’. त्याखाली, ‘सीएनजी भरताना प्रवाशांना वाहनात बसू देऊ’. सगळ्याच सूचना मोठ्या उत्साही होत्या. फ्लेक्सवर भाऊसाहेब हात जोडून हसत होते आणि त्यांच्या कोपराखाली सगळे ‘नये’ गाडले गेले होते.

फ्लेक्स काढायचं धाडस नानांना नव्हतं. भाऊसाहेबांचा वाढदिवस वर्षातून एकदा येत असला तरी ते स्वतः आठवड्यातून तीनदा डिझेलला येतात. म्हणून नानांनी नवा फलक लावायचं ठरवलं आणि इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात दिली. मी भाषांतरं करतो, हे त्यांना माहीत होतं. “सर, पोरांना कळंल असं करा,” ते म्हणाले, “आणि जरा भारदस्त पण ठेवा, तपासणीला साहेब येतात.” या दोन मागण्या एकमेकींच्या जन्माच्या वैरिणी आहेत, हे मी त्या वेळी बोललो नाही.

पंपावर पेट्रोल-डिझेल पहिल्यापासून होतं. मग सीएनजी आला. नळाची लाइन अजून तिथवर पोचलेली नाही, म्हणून गॅस ट्रकमधून येतो. अशा पंपाला या धंद्यात ‘डॉटर स्टेशन’ म्हणतात आणि जिथून ट्रक भरून निघतो ते ‘मदर स्टेशन’. आईकडून लेकीकडे रोज शिदोरी निघते, कल्पना गोड आहे. जुन्या फलकावर याचं ‘कन्या केंद्र’ केलेलं होतं. सुनीताताई पंपावर गाड्या भरतात. त्या सांगत होत्या की पहिल्या महिन्यात दोन बायका लेक लाडकी योजनेचा फॉर्म मागायला आल्या होत्या. त्यांना दोन किलो सीएनजी देता येण्यासारखा नव्हता.

सीएनजीच्या जोडीला ऑफिसबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात पाच किलोचे एलपीजी सिलेंडरही विकायला ठेवलेले असतात. घरच्या कनेक्शनसारखी कागदपत्रांची फाइल लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की मिळतो. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून बागेत कामाला आलेली कुटुंबं तो घेऊन जातात. १०० किलोपर्यंत साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे पाच किलोचे वीस नग. ही सवलत गॅस सिलेंडर नियम, २०१६ मध्ये आहे आणि ते नियम १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली केलेले आहेत. अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. तेव्हा कायद्याच्या लेखी नानांच्या पिंजऱ्यातला तो गोंडस सिलेंडर आणि सुरुंगाची दारू हे एकाच घराण्यातले. भाऊबंद म्हटले की अंतर ठेवूनच राहावं लागतं.

तर एकाच पंपावर दोन गॅस, आणि मराठीत दोघांना मिळून शब्द एकच : गॅस. पोट फुगलं तरी तोच. इंग्रजी पुस्तिकेत दोन वेगळी प्रकरणं होती. जुन्या फलकवाल्यानं जागा वाचवायला ती एकत्र केली होती आणि त्यातून एक वाक्य निघालं होतं : ‘गॅस हलका असल्याने वर निघून जातो.’ हे वाक्य सीएनजीबद्दल खरं आहे. त्यात मुख्यतः मिथेन असतो, तो हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. उघड्यावर सुटला तर वर जातो आणि छताखाली कुठे अडकला तर तेवढीच काळजी. पण हा फलक लावला होता एलपीजीच्या पिंजऱ्यावर. एलपीजी हवेच्या दीड ते दोनपट जड. तो वर जात नाही. तो जमिनीवरून सरपटत उतार शोधतो. गटारात उतरतो, गाडीखाली उभं राहून ऑइल बदलायच्या खड्ड्यात बसतो, पेट्रोलच्या भूमिगत टाकीच्या झाकणाखालच्या चौकटीत साचतो. तिथे तो तासन्तास राहतो आणि ठिणगीची वाट बघतो. ‘वर निघून जातो’ वाचून निश्चिंत झालेला माणूस त्याच खड्ड्याच्या काठावर बिडी ओढत बसला तर त्यात त्याची चूक काय?

रात्रपाळीच्या गोरखनं मला सरळ विचारलं, “सर, नक्की ठरवा. वास आला का खाली बसू का उभा राहू?” हा प्रश्न इंग्रजी पुस्तिकेला कोणी विचारला नव्हता. माझं त्याला उत्तर होतं की वाऱ्याच्या उलट्या अंगाला चालू पड. बसूही नको आणि उभाही राहू नको.

मग आम्ही ठरवलं की फलकावर नुसता ‘गॅस’ लिहायचाच नाही. मी सुचवलं, ‘टाकीचा गॅस’ आणि ‘गाडीचा गॅस’. हवा भरणारे पोपटराव हसले. पेट्रोलची पण टाकीच, गाडीतल्या सीएनजीची पण टाकीच, आमच्याकडे सिलेंडरला पण टाकीच म्हणतात. मुंबईचा पाहुणा आला तर तो ‘बाटला’ म्हणतो, ते निराळं. शेवटी ‘चुलीचा गॅस’ आणि ‘गाडीचा गॅस’ यावर एकमत झालं. चुलीचा गॅस चोरून गाडीत भरणारे महाभाग आहेत, पण त्यांच्यासाठी फलक लिहून उपयोग नसतो. दोन गॅसचे दोन फलक झाले, एकावर वर जाणारा बाण, दुसऱ्यावर खाली. गळती ओळखणारी यंत्रंसुद्धा याच हिशेबानं बसतात : गाडीच्या गॅसचं यंत्र वर, छताजवळ; चुलीच्या गॅसचं जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर. पिंजऱ्याजवळचं यंत्र कोणीतरी ‘पोरं लाथा मारतात’ म्हणून डोक्याच्या उंचीवर नेऊन ठोकलं होतं. तिथे ते सुखात होतं. एलपीजी त्याच्या पायाखालून गेला असता आणि त्याला पत्ता लागला नसता.

यंत्राच्या आधी माणसाचं नाक. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मर्केप्टन नावाचं रसायन किंचित मिसळून त्याला मुद्दाम घाण वास देतात. पुस्तिका म्हणत होती, हा वास कुजक्या अंड्यासारखा असतो. नानांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी आहे, अंड्याचा संबंध चांगल्या अवस्थेतही आलेला नाही. जुन्या फलकवाल्यानं हे ओळखून ‘सडक्या कांद्यासारखा’ केलं होतं, आणि रसायनाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, गंधकाचे संबंधी दोन्हीकडे आहेत. पण लासलगावच्या रस्त्यावर! पावसाळ्यात चाळीतला कांदा सडायला लागला की इथून दहा मैलांत तो वास नसलेली जागा सापडणं कठीण. कांद्याचे ट्रॅक्टर दिवसभर पंपावर रांगेत उभे. इथल्या माणसाला सडक्या कांद्याचा वास म्हणजे धोका वाटत नाही, भाव पडल्याची बातमी वाटते.

म्हणून ‘चुलीचं बटण न पेटवता उघडं राहिलं की येतो तो वास’ असं लिहिलं. लांब झालं, पण सुनीताताई म्हणाल्या, “हां, हा मला माहितीये.” अंड्याच्या वाक्यानं हे साधलं नसतं. नाकाचाही एक दोष मात्र फलकावर घालावा लागला. तोच वास काही मिनिटं घेत राहिलं की नाक त्याची नोंद घेणं सोडून देतं. माणसाला वाटतं, वास गेला. पंपावर तर पेट्रोलचा वास त्याच्यावर पांघरूण घालायला बसलेलाच. तेव्हा ‘वास यायचा थांबला तरी गळती थांबली असं समजू नका, बाहेरून नवा माणूस बोलवा’ अशी ओळ आली. यासाठी पोपटरावांची नेमणूक झाली. ते हवेच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब असतात आणि तंबाखू खात असले तरी नाक शाबूत आहे.

आवाजाच्या बाबतीत इंग्रजीनं एकच शब्द वापरला होता आणि जुन्या फलकावर त्याचं ‘फूत्कार’ झालं होतं. ‘फूत्कार ऐकू आल्यास तत्काळ दूर व्हावे.’ गोरखनं त्याचा अर्थ लावला होता आणि सर्पमित्राचा नंबर फलकाखाली पेननं लिहून ठेवला होता. कंप्रेसरच्या मागं गवत आहे, रात्रपाळीत नाग निघाल्याचंही त्यानं पाहिलं आहे, तेव्हा त्याचं काही चुकलं असं नाही. खरं तर या कामात मराठी श्रीमंत आहे. बारीक गळती ‘सूं’ करते, सैल बसलेला रेग्युलेटर ‘फुस्‌ फुस्‌’ करतो, नोझल नीट न बसता निघालं तर ‘फस्स’ होतं. मी हे तिन्ही फलकावर घातले. नाना जरा खट्टू झाले. “सर, हे पोरासोरांचं वाटतं.” पण पोरांनी ते वाचलं आणि प्रत्येकाला कुठला आवाज कुठे येतो ते बोट दाखवून सांगता आलं.

गाडीच्या गॅसच्या फलकावर आवाजाखाली एक ताकीद मात्र ठळक केली : आवाज येतो तिथे तळहात धरून पाहायचा नाही. गाडीत सीएनजी भरतात तो २०० बार दाबानं. पोपटराव मोटारीच्या टायरात जी हवा मारतात तिच्या सुमारे नव्वदपट. एवढ्या दाबानं बारीक भोकातून निघणारी धार कातडी फाडू शकते आणि सुटताना गॅस इतका गार होतो की जोडावर पांढरं दहिवर जमतं. उलट तेच दहिवर कामाचं आहे : भर दुपारी, निफाडच्या उन्हात, पितळी जोडावर पांढरा थर दिसला तर हात न लावता कळतं की गळती इथेच आहे.

आता आकडा. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त घोटाळा करणारी गोष्ट हीच. गळतीच्या यंत्रावर शून्य ते शंभर आकडे असतात आणि वर लिहिलेलं असतं, एलईएल. परिभाषेत त्याला ‘कनिष्ठ स्फोट मर्यादा’ म्हणता येतं. हे वाचून ‘कनिष्ठ’ म्हणजे ज्युनियर, तेव्हा स्फोटही लहानच असणार, असा समज गोरखचा झाला होता. त्याहून मोठी अडचण शंभराच्या पाढ्याची. आपल्या मनात शंभरातल्या आकड्याला एकच अर्थ आहे, दहावीचा. यंत्र २० ला ओरडायला लागतं. सुनीताताईंचा मुलगा सुट्टीत पंपावर येतो, त्यानं ते पाहून सांगितलं होतं, “मम्मी, पस्तीसला पास असतं. वीस म्हणजे काहीच नाही.”

यंत्र शंभरात मार्क देत नाही. गॅस हवेत किती टक्के मिसळला की पेट घेऊ शकतो, त्या किमान प्रमाणाला ते शंभर म्हणतं. मिथेन हवेत पाच टक्के झाला की पेटायला तयार, म्हणजे यंत्रावरचे शंभर हे हवेतले पाचच टक्के. एलपीजी त्याहून तापट, पावणेदोन-दोन टक्क्यांतच त्याचं भागतं. टक्क्याचे टक्के सांगत बसलो असतो तर माझीच दांडी उडाली असती, म्हणून किलोत हिशेब केला. नानांचं ऑफिस दहा बाय बाराचं, नऊ फूट उंच. त्यात हवा मावते साधारण तीस घनमीटर. तिचे पावणेदोन टक्के म्हणजे अर्धा घनमीटर एलपीजी आणि त्याचं वजन भरतं सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे पाच किलोच्या टाकीतला जेमतेम पाव हिस्सा गळला आणि खोलीत सारखा मिसळला की सगळं ऑफिस पेटायच्या लायकीचं झालं. यंत्र २० दाखवतं तेव्हा त्यातला पाव किलो हवेत गेलेला असतो.

पाव किलो म्हटल्यावर चेहरे बदलले. वीस टक्क्यांनी कोणी हललं नव्हतं. गोरख म्हणाला, “आणि तो जड आहे म्हणता. मग सारखा मिसळंल कशाला? खालीच बसंल.” बरोबर बोलला. त्यामुळे फरशीलगतचा थर सव्वा किलोच्या कितीतरी आधी पेटायला तयार होतो आणि टेबलावर ठेवलेलं यंत्र तेव्हा शून्य दाखवत असू शकतं. फलकावर वाक्य गेलं : ‘२० म्हणजे नापास नव्हे. २० म्हणजे पाव किलो गॅस हवेत आहे. बाहेर पडा.’ सगळ्या खोल्यांना पाव किलोचा हिशेब लागू पडणार नाही, हे मला माहीत आहे. पण तो फलक सगळ्या खोल्यांसाठी नव्हता, नानांच्या ऑफिसाच्या दारावर होता.

याच यंत्राच्या देखभालीत ‘बंप टेस्ट’ नावाचा प्रकार येतो. ठरावीक प्रमाणाचा गॅस क्षणभर यंत्राला हुंगवायचा आणि ते ओरडतं का पाहायचं, एवढंच त्यात असतं. जुन्या फलकवाल्यानं ‘धक्का चाचणी’ केलं होतं आणि ती दर महिन्याला इमानेइतबारे व्हायची. यंत्राच्या डाव्या कुशीवर पोचे होते.

त्यानंतर बटणांचा पेच. जुना फलक म्हणत होता, ‘गळती झाल्यास विजेची उपकरणे बंद करावीत.’ कानाला शहाणपणाचं वाटतं. पण साधं बटण दाबताना आत ठिणगी उडते, चालू करतानाही आणि बंद करतानाही. गॅस साचलेल्या खोलीत पंखा फिरत असेल तर फिरू द्यावा. तो बंद करायला धावणारा माणूसच धोका आहे. आपल्या अंगी तर लहानपणापासून ‘बाहेर पडताना लाइट-पंखा बंद कर’ इतकं मुरलेलं की जीव घेऊन पळतानाही हात बटणाकडे जातो. म्हणून लिहिलं, ‘कुठल्याही बटणाला हात लावू नका. चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद.’

हे लिहून शाई वाळली नाही तोच सुनीताताईंनी समोरच्या खांबाकडे बोट केलं. खांबावर मोठं लाल बटण आणि त्याखाली पाटी, ‘आणीबाणी बंद’. सीएनजी गळला तर पहिलं काम तेच दाबणं. कंप्रेसर थांबतो, गॅस येणाऱ्या नळ्यांचे व्हॉल्व्ह मिटतात. म्हणजे एक फलक म्हणतो कुठलंच बटण दाबू नका आणि दुसरा म्हणतो बटण दाबल्याशिवाय हलू नका. त्यात पाटीचा मजकूर. पोपटरावांनी तो वाचून मान डोलावली होती, “सत्याहत्तर सालीच बंद झाली.” तेव्हा ते शाळेत होते, पण निवडणुकीची मिरवणूक त्यांना आठवते.

लाल बटणाची बनावट वेगळी असते. त्याची पेटी इतकी जाड आणि घट्ट असते की आत ठिणगी पडून आत शिरलेला गॅस भडकला तरी ज्वाळा बाहेर येत नाही. पंपावरची माणसं अशा सामानाला ‘एफएलपी’ म्हणतात आणि मीही तोच शब्द ठेवला. ‘ज्वालारोधक’ लिहिलं तर आग लागल्यावर त्याच्या मागे लपायचं असतं असं वाटण्याची शक्यता होती. मजकूर अखेर असा ठरला : ‘लाल बटण दाबा. दुसरं एकही नाही.’ पाटीवर फक्त ‘गॅस थांबवा’.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते वाक्य. जुन्या फलकाच्या मध्यभागी, सर्वांत मोठ्या अक्षरांत होतं : ‘गळती आढळून आल्यास संबंधितांनी त्वरित योग्य ती कार्यवाही करावी.’ या वाक्यात माणूस नाही. क्रियापदही जवळपास नाही, ‘योग्य ती’ ज्यानं त्यानं ठरवायची आहे. मी पंपावरच्या प्रत्येकाला विचारलं, संबंधित कोण? सुनीताताई म्हणाल्या, नाना. नाना म्हणाले, कंपनीचा माणूस, तो नाशिकला असतो. गोरख म्हणाला, दिवसपाळीचे असतील, रात्री संबंधित नसतात. पोपटराव म्हणाले, माझा तर हवेशी संबंध.

म्हणून आम्ही प्रत्यक्ष करून पाहायचं ठरवलं. रिकामा पाच किलोचा सिलेंडर घेतला, त्यालाच भरलेला समजायचं आणि व्हॉल्व्ह गळतोय असं धरायचं. पहिल्यांदा जुन्या फलकाबरहुकूम. सुनीताताई ओरडल्या, “गळती आढळून आली!” नाना ऑफिसात पळाले, फोन करायला, म्हणजे फोन पिंजऱ्याजवळ काढला. गोरखनं आत जाऊन पंखा बंद केला. रांगेतल्या मोटारसायकलवाल्यांना सरावाचं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी किक मारून एकदम गाड्या सुरू केल्या आणि पळाले. ठिणग्यांचा एवढा साठा एका मिनिटात दिवाळीतही जमत नसेल. सिलेंडर जागेवरच होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण तो कोणाशीच संबंधित नव्हता.

दुसऱ्यांदा नव्या फलकानं. त्यात प्रत्येक ओळीला माणूस नेमला होता. सुनीताताईंनी विकण्याआधी टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. हे पाणी म्हणजे अर्ध्या बाटली पाण्यात शाम्पूची एक पुडी, काही खास रसायन नाही. बुडबुडे येतात असं मानलं. टोपी परत ठेवून ‘टक्‌’ वाजेपर्यंत दाबली. पांढऱ्या दोरीनं ती टोपी सिलेंडरलाच बांधलेली असते ती याचसाठी. पुन्हा साबण-पाणी. आता बुडबुडे नाहीत, म्हणजे गळती थोपली. गोरखनं सिलेंडर कड्याला धरून उभाच उचलला. आडवा करायचा नाही, लोळवायचा नाही, कारण उभ्या सिलेंडरच्या वरच्या भागात वाफ असते आणि आडवा केला तर व्हॉल्व्हशी पातळ गॅस येतो. तो बाहेर पडला तर एकाचा अडीचशे पट होतो. उघड्या जागी, खड्ड्यापासून आणि पंपांपासून लांब नेऊन ठेवला. पोपटरावांनी रांगेपुढे हात आडवे करून आवाज दिला : “गाड्या चालू करू नका! ढकला, ढकला!” मोटारसायकली हातानं ढकलत रस्त्यावर गेल्या. नानांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन मग फोन काढला, आधी वितरक, मग १९०६. चुलीच्या गॅसच्या गळतीसाठी देशभर हाच क्रमांक चालतो.

सराव झाल्यावर एक खाचखळगा निघाला. गोरखनं विचारलं, “बुडबुडे आलेच नाहीत तर टाकी चांगली ना?” नेहमी नाही. व्हॉल्व्हच्या आत काळं रबरी कडं असतं. ते चिरलं किंवा पडलं असेल तर व्हॉल्व्ह बंद असताना काहीच गळत नाही, रेग्युलेटर बसवल्यावर गळतं. त्यामुळे गिऱ्हाइकाला सांगायचं, घरी रेग्युलेटर लावून पुन्हा साबण-पाणी. आणि मोठ्या गळतीला साबणाचा उपयोगच नाही, गॅस फेस उडवून देतो, बुडबुडा धरत नाही. तिथे कानच भरवशाचा.

उरलेल्या दोन बाबी लवकर सुटल्या. सिलेंडरच्या उभ्या पट्टीवर आतून ‘सी २७’ असं काही लिहिलेलं असतं. लोक त्याला गॅसची एक्स्पायरी समजतात, जणू गॅस आंबतो. ती पुढच्या दाबचाचणीची मुदत असते : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. दुसरं, रिकाम्या सिलेंडरचं वजन. जुन्या फलकावर त्याचं ‘धारकभार’ केलं होतं. पोपटरावांचा भाऊ बाजार समितीत तोलाईवर आहे. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, “बारदान म्हणा ना सरळ.” लासलगावात लहान पोरालाही ठाऊक आहे की गोणीचं बारदान वजा केल्याशिवाय कांद्याचं वजन निघत नाही. पट्टीवर छापलेलं बारदान अधिक पाच किलो, काट्यावर तेवढं भरलं पाहिजे. तिथे मला काहीच करावं लागलं नाही.

पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी दोन्ही फलक शांतपणे वाचले, ‘फुस्‌ फुस्‌’पाशी थोडे थांबले, यंत्र खाली आणल्याबद्दल नानांची पाठ थोपटली. मग म्हणाले, “माहिती व्यवस्थित आहे. पण फलक अधिकृत वाटत नाही.” नाना पडले धंदेवाईक माणूस. त्याच संध्याकाळी त्यांनी पेंटर बोलावला आणि दोन्ही फलकांच्या तळाशी बारीक अक्षरांत एकेक ओळ घातली : ‘वरील सूचनांबाबत संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी.’ साहेब खूश झाले. पेंटरनं पैसे घेताना विचारलं, “नाना, हे संबंधित कोण?” नाना म्हणाले, “ते साहेबांसाठी आहे.”